साडेसात ते दहा

सकाळी साडेसात ते दहा या वेळात आमच्या घराची बेल वाजवू नये, अशी माझी मागणी आहे. ती मी घरात मांडली, जिन्यात मांडली, सोसायटीच्या बैठकीतही मांडली. प्रत्येक ठिकाणी लोकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सव्वाआठला बेल वाजवली. बेल वाजवणाऱ्याचं काम कधीच मोठं नसतं. जिन्यातल्या दिव्याची वर्गणी, चुकून आमच्याकडे आलेलं पार्सल, टेरेसच्या दाराची किल्ली. ‘वहिनी, एकच मिनिट’ असं म्हणूनच बोलायला सुरुवात होते. एका मिनिटाला माझी हरकत नाही. ते मिनिट दिवसाच्या कुठल्या भागातून काढलं जातं, याला हरकत आहे.

मी सालवडला राहते आणि घरून हिशेबाचं काम करते. गाव तारापूरच्या एमआयडीसीला लागून आहे, बोईसर स्टेशनही जवळ, त्यामुळे लहान कारखान्यांची आणि व्यापाऱ्यांची कामं सहज मिळतात. कोणाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, कोणाचा पॅकिंगचा धंदा, कोणी रसायनांचे ड्रम आणून विकतो. त्यांची बिलं, नोंदी आणि जीएसटीची विवरणपत्रं मी बघते. यातलं बरंचसं काम सवयीने होतं. थोडं मात्र असं आहे की त्याला डोकं पूर्ण जागं लागतं, आणि तेवढं डोकं माझ्याकडे दिवसातून अडीच तास असतं. बाकीच्या वेळात मी जागी असते, काम करते, पण त्या प्रतीचं काम होत नाही. म्हणून माझी सकाळची यादी घड्याळाच्या क्रमाने लावलेली नाही, निकडीच्या क्रमाने तर नाहीच. कोणत्या वेळी अंगात किती जोर असतो, त्या क्रमाने ती लावलेली आहे.

बहुतेक घरांत यादी सोप्याकडून अवघडाकडे जाते. आधी विजेचं बिल भरायचं, मग दोन निरोपांना उत्तरं, मग कपाटातला एक कप्पा, मग बँकेचा फोन. नऊपर्यंत पाच कामांवर टिक होते आणि माणसाला बरं वाटतं. सहावं काम खरं असतं, ते जेवणानंतर सुरू होतं. माझी पहिली तक्रार या पद्धतीविरुद्ध आहे. विजेचं बिल दुपारी तीनलाही तेवढ्याच अचूकतेने भरलं जातं. सहावं काम दुपारी तीनला तेवढ्या अचूकतेने होत नाही.

याचं कारण शरीरात आहे. जाग आल्यावर मेंदू लगेच पूर्ण कामाला लागत नाही. झोपेची गुंगी साधारण अर्धा तास राहते, झोप अपुरी झाली असेल तर त्याहून जास्त. त्यानंतर तरतरी चढत जाते आणि दिवसाच्या पहिल्या भागात काही तास वर राहते. दुपारी एक ते तीनच्या सुमारास ती उतरते. ही उतरण केवळ जेवणामुळे येते असा समज आहे, पण जेवण टाळलं तरी ती बऱ्याच प्रमाणात येतेच. जड जेवणाने वाढते, एवढंच. संध्याकाळी पुन्हा एक चढ असतो. हा क्रम शरीराच्या तापमानाबरोबर बराचसा चालतो. ते पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली असतं आणि संध्याकाळी सर्वांत वर. झोपेचे अभ्यासक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी तापमान आणि कामाची अचूकता यांचा हा संबंध १९३०च्या दशकातच मोजून दाखवला होता.

माणसामाणसांत मात्र फरक असतो, म्हणून दुसऱ्याची यादी उचलून उपयोग नाही. कोणी पहाटेचा माणूस असतो, कोणी रात्रीचा, आणि बहुतेक जण मधले. हे ओळखण्यासाठी हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी १९७६ साली एकोणीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरली जाते. मी त्याहून साधी पद्धत धरते. एक वही घ्यायची. उठल्यावर अर्ध्या तासाने पहिली नोंद, मग दर तासाला एक आकडा. १ म्हणजे लख्ख जागं, ९ म्हणजे डोळे उघडे ठेवायला झगडावं लागतं आहे. झोपेच्या अभ्यासात वापरली जाणारी कॅरोलिन्स्का मोजपट्टी हीच. दोन आठवडे नोंदी कराव्या लागतात, कारण पहिल्या चार दिवसांत माणूस खरं न लिहिता आपल्याला कसं वाटायला हवं ते लिहितो. लग्नाहून रात्री उशिरा परतल्याचा दुसरा दिवस किंवा तापाचा दिवस हिशेबातून वगळायचा. आकडा चहाच्या आधी लिहायचा. चहातलं कॅफीन झोपेची जाणीव दाबतं, त्याचा जोर अर्ध्यापाऊण तासात येतो आणि अर्धा उरायलाच पाचेक तास लागतात, त्यामुळे चहानंतरच्या आकड्यात आपला किती आणि चहाचा किती हे कळत नाही.

नुसत्या आकड्यावरही मी विसंबत नाही. ताजं वाटणं वेगळं आणि ताजं असणं वेगळं. म्हणून वहीत आकड्याशेजारी त्या तासात केलेलं काम लिहायचं आणि ते नंतर किती ठिकाणी दुरुस्त करावं लागलं त्याची खूण करायची. कोणत्या तासाच्या कामावर खुणा कमी पडतात हे दोन आठवड्यांत दिसतं. माझ्या वहीत अशा कमी खुणांचा पट्टा साडेसात ते दहा हा निघाला. तो मी निवडलेला नाही, सापडलेला आहे. म्हणूनच ‘तुम्ही अकरा ते एक बसा ना’ या सूचनेचा मला राग येतो. ही सूचना मला अनेकांनी केली आहे, काहींनी सव्वाआठला बेल वाजवून केली आहे.

त्या पट्ट्यात मी काय करते, हे सांगितल्याशिवाय तक्रार समजणार नाही. महिन्याच्या १४ तारखेला प्रत्येक व्यापाऱ्याचं जीएसटीआर-२बी तयार होतं. पुरवठादारांनी आपल्या विवरणपत्रात दाखवलेली बिलं त्यात असतात. दरमहा विवरण भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत ३बी भरायचं असतं. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट २बीमध्ये दिसणाऱ्या बिलांपुरतीच मिळते, हा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. म्हणजे मधल्या सहा दिवसांत व्यापाऱ्याचं खरेदी रजिस्टर आणि २बी एकमेकांसमोर ठेवून ओळ न ओळ जुळवायची. एकीकडे बिलाचा नंबर ‘१४५’ असतो, दुसरीकडे त्याच बिलाला वर्ष जोडलेलं असतं. कुठे तारीख महिन्याच्या काठावरची असते, कुठे पैशांचा फरक असतो. या गोष्टी तरी डोळ्याला दिसतात.

न दिसणारी गोष्ट अशी. समजा, बोईसरच्या वर्कशॉपने वापीहून ५०,००० रुपयांचा माल आणला. कर १८ टक्के, म्हणजे ९,००० रुपये. वापी गुजरातेत आहे, त्यामुळे हा सगळा कर आयजीएसटी. वर्कशॉपमधल्या मुलाने नोंद करताना नेहमीच्या सवयीने ४,५०० सीजीएसटी आणि ४,५०० एसजीएसटी टाकलं, कारण त्याची बाकीची खरेदी पालघर, वसई आणि भिवंडीची असते. आता बेरीज दोन्हीकडे ५९,००० येते. पार्टीचं नाव जुळतं, तारीख जुळते, एकूण कर जुळतो. फक्त रकाने चुकलेले असतात, आणि रकाना चुकला की कर चुकीच्या खात्यात जातो. हे पकडण्याचा मार्ग म्हणजे पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघणं. २४ असेल तर गुजरात, २७ असेल तर महाराष्ट्र. वापी आमच्यापासून इतकी जवळ आहे की तिथला पुरवठादार परराज्यातला आहे हे मनाला आपसूक आठवत नाही, ते मुद्दाम बघावं लागतं. सकाळी आठला माझी नजर त्या दोन आकड्यांवर जाते. दुपारी अडीचला कोणाचीही नजर ५९,००० आणि ५९,००० हे दोन आकडे सारखे आहेत एवढं बघून समाधानी होते आणि पुढच्या ओळीवर जाते. दमलेलं डोकं काम थांबवत नाही, ते तपासणी सोपी करून घेतं. त्या वेळी आपण नीट तपासलं असंच वाटत असतं, यात खरी अडचण आहे.

म्हणून महिन्याच्या १४ ते २० या तारखांना साडेसातला मी थेट २बी उघडते. त्याआधी ईमेल बघत नाही, फोन दुसऱ्या खोलीत असतो. सगळ्यांत जास्त परराज्यातल्या खरेदीचा व्यापारी पहिला घेते, कारण चुकायच्या जागा त्याच्याकडे जास्त. दहानंतर दुसऱ्या प्रतीची कामं: पुरवठादाराला ‘तुमचं अमुक बिल दिसत नाही’ म्हणून फोन, व्यापाऱ्याशी बोलणं. बोलताना समोरच्यामुळे आपण जागे राहतो, त्यामुळे ही कामं साडेअकरापर्यंत चालतात. जेवणानंतर बिलं स्कॅन करणं, फायलींना नावं देणं, बँकेच्या नोंदी उतरवणं. संध्याकाळच्या चढात सकाळच्या कामावर एक नजर टाकायची आणि उद्याचा पहिला व्यापारी ठरवून ठेवायचा. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. सकाळी आज काय करायचं हे ठरवण्यात वीस मिनिटं गेली, तर ती त्याच अडीच तासांतून जातात.

आता पाण्याबद्दल, कारण त्याबद्दल माझं मत शेजारपाजाऱ्यांहून वेगळं आहे. आमच्या नळाला पाणी सकाळी सहाला येतं, तेव्हा ते मला सोयीचं असतं. मी पावणेसहाला उठते. पहिला अर्धा तास गुंगीचा, त्यात हिशेब होत नाही, पण पिंप भरता येतं, गाळणं धुता येतं, कणीक मळता येते, डबे भरता येतात. शरीराला माहीत असलेली कामं गुंगीतही बरोबर होतात. यादीतली ही कामं पहिली आहेत म्हणून महत्त्वाची आहेत असं नाही, त्या वेळी दुसरं काही करता येत नाही म्हणून ती तिथे आहेत. पण महिन्यातून काही वेळा पाणी न सांगता साडेआठला येतं. मग सगळा जिना बादल्यांच्या आवाजाने जागा होतो आणि मी वापीचं बिल अर्ध्यात सोडून पिंपाशी उभी राहते. पाणी तेवढंच मिळतं. माझे अडीच तास मात्र मधोमध तुटतात. परत येऊन बसल्यावर कुठल्या ओळीपर्यंत आलो होतो ते सापडतं, पण ती ओळ बघताना मनात जी शंका आली होती ती सापडत नाही. शंका पुन्हा येईपर्यंत आधीच्या दहा ओळी पुन्हा वाचाव्या लागतात.

फुलांच्या आणि सूर्योदयाच्या चित्रांसह येणाऱ्या शुभेच्छांबद्दलही तक्रार आहे. त्या बरोबर पावणेआठ ते सव्वानऊ या वेळात येतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यांचा तो वेळ रिकामा असतो. त्यांना विनंती आहे की शुभेच्छा दुपारी दोनला पाठवाव्यात. त्या वेळी माझी नोंद ६ ते ७च्या दरम्यान असते, तेव्हा शुभेच्छांची गरजही जास्त असते.

माझ्याहून मोठी तक्रार माझ्या नवऱ्याची आहे, पण तो करत नाही, म्हणून मी करते. तो एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात आहे. पाळ्या सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात, आठवड्याला बदलणाऱ्या. रात्रपाळीच्या आठवड्यात ‘सकाळी अवघड काम करा’ या सल्ल्याचा त्याला उपयोग नाही. शरीराचं घड्याळ आठवड्याभरात उलटं फिरत नाही. क्लाइटमन यांनी १९३८ साली केंटकीमधल्या मॅमथ गुहेत आपल्या एका विद्यार्थ्यासह बत्तीस दिवस राहून अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून बघितला होता. तिथे ऊन नव्हतं, गावाचा आवाज नव्हता. विद्यार्थ्याच्या शरीराने नवा दिवस स्वीकारला, त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमन यांचं तापमान मात्र चोवीस तासांचाच फेरा घेत राहिलं. रात्रपाळीच्या कामगाराभोवती तर गुहाही नसते. सकाळी सातला गेटबाहेर पडताच डोळ्यावर ऊन येतं आणि शरीराला दिवस सुरू झाल्याचं सांगतं.

त्यामुळे त्याची यादी रात्रीची आहे आणि ती पाळीच्या पहिल्या भागात जड आहे. अकराला चार्ज घेतला की साडेअकरा ते दोन या वेळात डोक्याची कामं: बॅचच्या कागदावरची वजनं पुन्हा काढून बघणं, कोणत्या रिॲक्टरला काय आणि कोणत्या क्रमाने जायचं याची पडताळणी, वेगळं काही दिसलं तर वरिष्ठांना तेव्हाच फोन. तीन ते सहा हा त्याचा सर्वांत वाईट पट्टा. त्यात शक्यतो ठरलेल्या वेळी तापमान आणि दाब बघून लिहिणं एवढंच ठेवायचं, आणि एखादा व्हॉल्व्ह उघडायचाच असेल तर दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून खात्री केल्याशिवाय उघडायचा नाही. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघात २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारला सुरू झाला. दोष यंत्रातही होता, पण पॅनेलवरच्या खुणांचा अर्थ लावण्याची वेळ माणसांवर त्या तासाला आली, हे विसरता येत नाही.

या यादीत मला सर्वांत पटलेली गोष्ट पाळी सोपवण्याची आहे. बहुतेक ठिकाणी रात्रीचा माणूस पावणेसातला, म्हणजे पूर्ण दमलेला असताना, रात्रभराचं सगळं आठवून पुढच्याला सांगतो. माझा नवरा सोपवण्याची नोंद दोनला लिहायला घेतो, तेव्हा डोकं चालू असतं. नंतर तीत फक्त भर घालायची आणि सातला ती वाचून दाखवायची. जे दोनला लिहिलेलं असतं ते विसरलं जात नाही.

आणि मग तो साडेसातला घरी येतो, पडदे ओढून झोपतो, आणि सव्वाआठला टेरेसच्या किल्लीसाठी बेल वाजते. दिवसा झोप तशीही तुटक असते. तिचे दोन तुकडे झाले की पुढच्या रात्री साडेअकरा ते दोनचा चांगला पट्टा आखडतो. त्या पट्ट्यात तो वजनं तपासतो. किल्ली मागणाऱ्याला हे माहीत नसतं, म्हणून मी दारावर पाटी लावली. ती वाचून लोक बेलऐवजी कडी वाजवतात.

मुलांच्या बाबतीत तरी सरकारने थोडं ऐकलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा आदेश काढला. धाकट्या मुलांची झोप पुरी व्हावी हा उद्देश चांगला आहे. पण झोपेचं घड्याळ खरं पुढे सरकतं ते वयात येताना. आठवी-नववीच्या मुलाला रात्री अकराच्या आधी झोप येत नाही, यात आळस नसतो, त्या वयाचं शरीर तसं चालतं. त्याच मुलाला सातच्या शाळेत पहिला तास गणिताचा असतो. वेळापत्रक लावणाऱ्यांनी गणित तिसऱ्या तासाला आणि चित्रकला पहिल्या तासाला ठेवली तर एक रुपयाही खर्च होणार नाही. घरीही दहावीच्या मुलाला चारला उठवून प्रमेय पाठ करायला बसवतात, आणि तो डुलक्या देतो म्हणून रागावतात. ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकात समर्थांनी पहाटे उठून पाठांतर करायला सांगितलं आहे, त्याचा आधार मला दिला जातो. पण पहाटे उठायचं असेल तर झोपही लवकर लागायला हवी. रात्री साडेबारापर्यंत घरात टीव्ही चालू ठेवायचा आणि चारचा गजर लावायचा, याला समर्थांचा आधार नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, तीही नोंदवते. जुळवणी, पडताळणी, हिशेब अशी कामं चांगल्या तासांत चांगली होतात. नवं काही सुचायचं असेल तर तसंच असेल असं नाही. मराइके वीथ आणि रोज झॅक्स यांच्या २०११ सालच्या प्रयोगात, एकदम उलगडणारी कोडी लोकांना आपल्या वाईट वेळेत थोडी जास्त सुटली, कारण तेव्हा मन भरकटतं. एका प्रयोगावर घर बांधू नये. तरी एखाद्या व्यापाऱ्याची फायलिंगची पद्धतच बदलायची असेल, तर तो विचार मी आता दुपारी करते. ज्यांना घरात तान्हं मूल आहे किंवा आजारी माणूस आहे, त्यांचे चांगले तास त्यांच्या हातात नसतात, त्यांनी ही यादी लावून स्वतःला आणखी एक ओझं देऊ नये. त्यांनी दिवसातला एकच चांगला तास शोधावा आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी तो सांभाळून द्यावा.

बाकीच्यांना माझी विनंती अशी. वर्गणी मी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात कधीही देईन. पार्सल जिन्याखालच्या बाकावर ठेवावं. टेरेसची किल्ली वॉचमनकडे दिलेली आहे, ती त्याच्याकडूनच घ्यावी. १४ ते २० तारखेदरम्यान साडेसात ते दहा फोन करू नये, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी तीनपर्यंत बेल वाजवू नये, कडीही वाजवू नये.